शयनकक्ष, स्वयंपाकघर आणि जिन्यासाठी धूरशोधकाची निवड

धूरशोधक हे हवेतील धुराचे कण ओळखून ध्वनीद्वारे धोक्याची सूचना देणारे उपकरण आहे. बोलण्यात त्याला स्मोक डिटेक्टर किंवा स्मोक अलार्म असेही म्हणतात. घरगुती वापरातील धूरशोधक मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. आयनीभवन प्रकारात किरणोत्सारी पदार्थामुळे हवेत निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत् प्रवाह मोजला जातो, तर प्रकाशविद्युत् प्रकारात धुराच्या कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजला जातो. दोन्ही उपकरणे बाहेरून सारखीच दिसतात. मात्र ती वेगवेगळ्या धुराला वेगवेगळ्या वेगाने प्रतिसाद देतात आणि स्वयंपाकाच्या धुराने किंवा वाफेने सारख्या प्रमाणात फसत नाहीत. त्यामुळे घरातील कोणत्या जागी कोणता प्रकार बसवावा, हा प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही. झोपेत असलेल्या माणसांना बाहेर पडण्यासाठी किती वेळ मिळेल आणि घरातील लोक वैतागून उपकरणाची बॅटरी काढून ठेवतील की नाही, या दोन गोष्टी या निवडीवर अवलंबून असतात.

## आगीचे दोन प्रकार

घरात लागणाऱ्या आगींचे धुराच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार ज्वालायुक्त आगीचा. पडद्याला मेणबत्ती लागणे, सांडलेले रॉकेल पेटणे किंवा कागदाचा ढीग भडकणे ही त्याची उदाहरणे होत. येथे ज्वलन वेगाने होते, उष्णता भरपूर निर्माण होते आणि धुरातील कण अतिशय सूक्ष्म असतात. त्यांतील बहुतेक कणांचा व्यास ०.३ मायक्रोमीटरपेक्षा कमी असल्याने सुरुवातीचा धूर कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही.

दुसरा प्रकार धुमसणाऱ्या आगीचा. गादीत किंवा सोफ्यात पडलेली जळती सिगारेट, तापलेल्या विद्युत् जोडणीला चिकटलेला कापूस किंवा उशीखाली दबलेला चार्जर यांमुळे ज्वाला न दिसता पदार्थ आतल्या आत जळत राहतो. हे धुमसणे काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालू शकते. या धुरातील कण तुलनेने मोठे असतात आणि धूर पांढुरका व दाट दिसतो. ज्वलन अपुरे असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू मोठ्या प्रमाणावर तयार होतो. झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही, उलट त्याची शुद्ध हरपते. पुढे कधीतरी धुमसणारा पदार्थ एकाएकी पेट घेतो आणि त्यानंतर आग फार वेगाने पसरते.

कोणत्या क्षणी कोणती आग लागेल हे आधी सांगता येत नाही. तथापि जागेनुसार शक्यता बदलतात. शयनकक्षात गाद्या, पांघरुणे आणि कपडे असल्याने धुमसण्याची शक्यता अधिक असते, तर स्वयंपाकघरात तेल व ज्योत जवळजवळ असल्याने ज्वालायुक्त आगीची शक्यता अधिक असते.

## कार्यपद्धती

### आयनीभवन प्रकार

या उपकरणात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी समस्थानिकाचा अत्यल्प अंश एका लहान धातूच्या चकतीवर बसवलेला असतो. घरगुती उपकरणात त्याची सक्रियता साधारणतः एक मायक्रोक्युरी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३७,००० विघटने इतकी असते. त्यातून बाहेर पडणारे आल्फा कण दोन धातूच्या पट्ट्यांमधील हवेच्या रेणूंना धक्का देऊन त्यांचे आयनांमध्ये रूपांतर करतात. पट्ट्यांना बॅटरी जोडलेली असल्याने हे आयन विरुद्ध भाराच्या पट्टीकडे ओढले जातात आणि सतत वाहणारा एक अतिशय क्षीण विद्युत् प्रवाह निर्माण होतो. धुराचे कण या जागेत शिरले की आयन त्यांना चिकटतात. कण आयनांच्या तुलनेत प्रचंड जड असल्याने चिकटलेले आयन पट्ट्यांपर्यंत वेळेत पोहोचत नाहीत, प्रवाह कमी होतो आणि ठरावीक मर्यादेखाली गेला की भोंगा वाजतो.

हवेचा दाब आणि आर्द्रता बदलली तरीही हा प्रवाह थोडा बदलतो. म्हणून बहुतेक उपकरणांत धुराला सहज प्रवेश न देणारा दुसरा कक्ष असतो आणि दोन्ही कक्षांची तुलना करून निर्णय घेतला जातो. हवेचा जोराचा झोत मात्र आयनांना वाहून नेतो. त्यामुळे वाऱ्याच्या जागी हा प्रकार चुकीची सूचना देऊ शकतो.

या तत्त्वाचा उगम अपघाताने झाला. १९३० च्या दशकात स्विस भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारा संवेदक तयार करण्याच्या प्रयत्नात होते. संवेदक वायूला दाद देईना, पण त्यांनी पेटवलेल्या सिगारेटच्या धुराने मापकाचा काटा हलला. बॅटरीवर चालणारा घरगुती धूरशोधक १९६० च्या दशकात अमेरिकेत ड्वेन पिअरसॉल यांनी विकसित केला.

### प्रकाशविद्युत् प्रकार

या उपकरणात काळ्या रंगाचा, वळणदार पडद्यांनी झाकलेला एक कक्ष असतो. हवा व धूर त्यात शिरू शकतात, बाहेरचा प्रकाश शिरू शकत नाही. कक्षाच्या एका बाजूस प्रकाश उत्सर्जित करणारा डायोड असतो. तो सहसा अवरक्त प्रकाशाचे स्पंद सोडतो. दुसऱ्या बाजूस प्रकाशसंवेदी डायोड असतो, पण तो प्रकाशाच्या सरळ रेषेत नसून कोनात बसवलेला असतो. हवा स्वच्छ असताना प्रकाश त्याच्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. धुराचे कण कक्षात आले की त्यांच्यावरून प्रकाशाचे प्रकीर्णन होते, त्याचा काही भाग संवेदकावर पडतो आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की भोंगा वाजतो. झरोक्यातून येणाऱ्या कवडशात एरवी न दिसणारी धूळ दिसू लागते, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

या रचनेची दुर्बलता काळ्या धुरात दिसते. काजळीयुक्त काळे कण प्रकाश शोषून घेतात आणि कमी विखुरतात, त्यामुळे तेवढ्याच दाट पांढऱ्या धुराच्या तुलनेत उपकरण उशिरा जागे होते.

### कणांच्या आकाराचा परिणाम

दोन्ही प्रकारांतील फरक एका हिशेबाने स्पष्ट होतो. धुरातील पदार्थाचे एकूण वस्तुमान तेवढेच ठेवून प्रत्येक कणाचा व्यास ०.२ वरून ०.०२ मायक्रोमीटर, म्हणजे एक दशांश केला, असे समजू. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने कणांची संख्या १,००० पट होईल. आयनीभवन कक्षातील संकेत ढोबळमानाने कणांची संख्या आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. तो १,००० गुणिले एक दशांश, म्हणजे १०० पट वाढेल. याउलट प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असलेल्या कणाचे प्रकीर्णन व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. प्रत्येक कणाचे प्रकीर्णन दहा लाख पटींनी घटेल, संख्या हजार पट वाढेल आणि एकूण संकेत एक हजारांश उरेल. म्हणूनच आयनीभवन प्रकार ज्वालेच्या सूक्ष्म धुराला आणि प्रकाशविद्युत् प्रकार धुमसण्याच्या जाड धुराला अधिक संवेदनशील असतो.

या हिशेबाला एक पुरवणी आवश्यक आहे. धूर जसजसा दूर जातो आणि जुना होतो, तसतसे सूक्ष्म कण परस्परांवर आदळून चिकटतात आणि मोठे होतात. खोलीत पेटलेल्या आगीचा धूर मार्गिकेतून जिन्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे स्वरूप बदललेले असते. आगीपासूनचे अंतर वाढत गेले की आयनीभवन प्रकाराचा लाभ त्यामुळे घटतो. जिन्यासाठी निवड करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

## चाचण्यांतील निष्कर्ष

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००० च्या दशकाच्या सुरुवातीस प्रत्यक्ष घरांमध्ये गाद्या, खुर्च्या आणि स्वयंपाकाचे तेल पेटवून दोन्ही प्रकारांच्या उपकरणांची तुलना केली. हा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्वालायुक्त आगीत आयनीभवन प्रकाराने काहीशी आधी सूचना दिली, तर धुमसणाऱ्या आगीत प्रकाशविद्युत् प्रकाराने बऱ्याच आधी सूचना दिली, असा त्याचा सारांश आहे.

याच अहवालातील दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या अशाच चाचण्यांत ज्वालायुक्त आग लागल्यापासून घरातील हवा असह्य होईपर्यंत सुमारे १७ मिनिटे मिळत होती. नव्या चाचण्यांत हा अवधी सुमारे ३ मिनिटांवर आला. कापूस व लाकूड यांच्या जागी पॉलियुरेथेन फोमसारखे कृत्रिम पदार्थ आल्यामुळे आग अधिक वेगाने वाढते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

या दोन निष्कर्षांमधून निवडीसंबंधीचा वाद उद्भवतो. आयनीभवन प्रकाराच्या बाजूने असे म्हटले जाते की, तीनच मिनिटे हाती असताना अर्ध्या मिनिटाची बचतही मोलाची आहे. प्रकाशविद्युत् प्रकाराच्या बाजूने असे म्हटले जाते की, धुमसणाऱ्या आगीतील फरक सेकंदांचा नसून कित्येक मिनिटांचा असतो आणि अशा आगी बहुधा घरातील माणसे झोपलेली असताना प्राणघातक ठरतात. दोन्ही प्रकारांचे संवेदक एकाच उपकरणात असावेत किंवा दोन्ही प्रकारची उपकरणे घरात असावीत, अशी अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेची शिफारस राहिली आहे. यानंतर अमेरिकी उत्पादन मानकात पॉलियुरेथेन फोमच्या ज्वालायुक्त व धुमसणाऱ्या आगीच्या, तसेच स्वयंपाकाच्या धुराने उपकरण फसते का हे पाहणाऱ्या नव्या चाचण्या समाविष्ट करण्यात आल्या. त्या पार करण्यासाठी नव्या उपकरणांत एकाहून अधिक तरंगलांबींचा प्रकाश किंवा संकेताचे गणिती विश्लेषण वापरले जाते. अशा उपकरणांना जुनी द्विविध विभागणी जशीच्या तशी लागू होत नाही.

## खोट्या सूचना आणि बंद केलेली उपकरणे

प्रयोगशाळेतील सेकंदांपेक्षा घरातील वागणूक अधिक निर्णायक ठरू शकते. अलास्कातील ग्रामीण घरांत झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही घरांना आयनीभवन, तर काही घरांना प्रकाशविद्युत् प्रकारची उपकरणे देण्यात आली. सुमारे सहा महिन्यांनी पाहणी केली असता आयनीभवन उपकरणे असलेल्या ९२ टक्के घरांत किमान एकदा तरी खोटी सूचना मिळालेली होती. प्रकाशविद्युत् उपकरणांच्या घरांत हे प्रमाण ११ टक्के होते. आयनीभवन प्रकारची १९ टक्के उपकरणे रहिवाशांनी बंद करून टाकलेली आढळली, दुसऱ्या प्रकारची ४ टक्के. ही घरे लहान होती आणि बहुतेक खोट्या सूचनांचे मूळ स्वयंपाकात होते.

याचे कारण कणांच्या आकारातच आहे. गॅसची ज्योत, लालबुंद तापलेली विद्युत् शेगडी किंवा भाजला जाणारा पाव यांतून डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण ज्वालायुक्त आगीच्या कणांसारखेच असल्याने आयनीभवन कक्षाला दोहोंतील भेद कळत नाही. प्रकाशविद्युत् प्रकारालाही शत्रू आहेत. स्नानगृहातून येणारी वाफ, बांधकामाची धूळ आणि कक्षात शिरलेले लहान कीटक प्रकाश विखुरतात आणि भोंगा वाजवतात. भारतीय घरांत उदबत्ती, धूप, कापूर आणि डासांच्या कॉइलचा धूरही विचारात घ्यावा लागतो. हे सारे पदार्थ खऱ्या अर्थाने धुमसत असल्याने उपकरणाच्या थेट खाली ठेवल्यास प्रकाशविद्युत् प्रकार वाजणे ही त्याची चूक नव्हे. तेथे उपकरणाची किंवा देवघराची जागा बदलणे हाच उपाय असतो.

खोटी सूचना कोणत्या कारणाने आली, हे तिच्या वेळेवरून ओळखता येते. शेगडी पेटवल्यावर, धूर दिसण्याआधीच वाजणारे उपकरण बहुधा आयनीभवन प्रकारचे आणि शेगडीच्या फार जवळ असते. अंघोळीनंतर वाजणारे उपकरण स्नानगृहाच्या दाराजवळ असते. कोणत्याही ठरावीक कारणाविना, विशेषतः रात्री अधूनमधून पूर्ण आवाजात वाजणाऱ्या उपकरणात धूळ किंवा कीटक साचलेले असण्याची शक्यता असते. दर अर्ध्या-एक मिनिटाने होणारा केवळ एक छोटा टिकटिकाट मात्र धुराची सूचना नसून बॅटरी संपत आल्याची खूण असते.

## जागेनुसार निवड

### शयनकक्ष

शयनकक्षात धुमसणाऱ्या आगीचा धोका मोठा असल्याने प्रकाशविद्युत् किंवा दोन्ही संवेदक असलेले संयुक्त उपकरण योग्य मानले जाते. स्वयंपाकघर दूर असल्यास संयुक्त उपकरणातील आयनीभवन भागामुळे खोट्या सूचना वाढण्याची भीती येथे कमी असते. केवळ आयनीभवन प्रकारचे एकच उपकरण शयनकक्षात असणे ही सर्वांत कमकुवत मांडणी होय.

दार बंद असलेल्या शयनकक्षात दोन गोष्टी घडतात. बाहेरचा धूर आत येण्यास वेळ लागतो, ही जमेची बाजू. पण बाहेरच्या उपकरणाचा आवाजही दाराने क्षीण होतो. म्हणून शयनकक्षातील उपकरण घरातील इतर उपकरणांशी तारेने किंवा बिनतारी पद्धतीने जोडलेले असणे हे त्याच्या प्रकाराइतकेच महत्त्वाचे असते. एक वाजले की सर्व वाजतात. घरगुती उपकरणांचा नेहमीचा उंच पट्टीतील आवाज लहान मुलांना आणि कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांना बऱ्याचदा जागे करत नाही. ५२० हर्ट्‌झचा खालच्या पट्टीतील आवाज त्याहून परिणामकारक असल्याचे आढळले आहे.

### स्वयंपाकघर

स्वयंपाकघरात दोन्हींपैकी कोणताही धूरशोधक बसवू नये, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. तेथे धूर हा रोजच्या कामाचा भाग असतो. मोहरी-मिरचीच्या फोडणीत अतिसूक्ष्म कण आणि तेलाचे मोठे थेंब दोन्ही असल्याने, शेगडीजवळ असल्यास प्रकाशविद्युत् उपकरणही वाजू शकते. त्याऐवजी तेथे उष्णताशोधक बसवला जातो. तो धुराकडे दुर्लक्ष करतो आणि छताजवळचे तापमान साधारणतः ५७-५८ अंश सेल्सिअसपर्यंत चढल्यावर सूचना देतो. काही उपकरणे तापमान वेगाने वाढू लागताच सूचना देतात. उष्णताशोधकाला आग लक्षात येण्यासाठी ती बऱ्यापैकी वाढलेली असावी लागते. हा उशीर भरून काढण्यासाठी स्वयंपाकघराबाहेर धूरशोधक असणे आवश्यक ठरते. केवळ उष्णताशोधकावर घराचे संरक्षण सोपवता येत नाही.

बाहेरच्या उपकरणाचे अंतर हा येथील खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ७२ क्रमांकाच्या संहितेनुसार स्थिर शेगडीपासून ३ मीटरच्या आत सहसा धूरशोधक बसवू नये. ३ ते ६ मीटरच्या पट्ट्यात प्रकाशविद्युत् प्रकार किंवा आवाज तात्पुरता बंद करण्याची कळ असलेले उपकरण बसवावे. त्यापलीकडे प्रकाराचे बंधन उरत नाही. अंतर मोजताना भिंतीतून सरळ रेषा न धरता धूर ज्या मार्गाने वाहतो तो मार्ग धरावा लागतो. लहान सदनिकांमध्ये बहुतेक सर्व जागा शेगडीपासून ६ मीटरच्या आतच येते. अशा घरांत निवडीचा प्रश्न जवळजवळ आपोआप प्रकाशविद्युत् प्रकाराच्या बाजूने सुटतो.

### जिना

जिना ही घरातील धुराची चिमणी असते आणि वरच्या मजल्यावरील माणसांचा तोच बाहेर पडण्याचा मार्गही असतो. जिन्यातील उपकरणाला स्वतःच्या जागी लागलेली आग क्वचितच शोधायची असते. त्याला दुसरीकडून वाहत आलेला धूर ओळखायचा असतो. हा धूर जुना झालेला, कण चिकटून मोठे झालेला असतो. शिवाय खाली-वर दारे उघडी असताना जिन्यातून हवेचा प्रवाह वाहतो आणि तो आयनीभवन कक्षाला अनुकूल नसतो. या दोन्ही कारणांमुळे जिना व मार्गिका यांसाठी प्रकाशविद्युत् प्रकार पसंत केला जातो.

उपकरण प्रत्येक मजल्यावरील जिन्याच्या माथ्यावर, छताला बसवले जाते. मात्र केवळ सर्वांत वरच्या माथ्यावर एकच उपकरण बसवणे धोक्याचे ठरते. धुमसणाऱ्या आगीचा धूर फारसा गरम नसतो, त्यामुळे त्याला वर चढण्याचा जोर कमी असतो. उन्हाळ्यात छतालगत तापलेल्या हवेचा थर साचलेला असेल, तर असा धूर त्या थराखालीच अडून राहू शकतो. तळमजल्याच्या छताला, जिन्याच्या पायथ्याजवळ बसवलेले आणि वरच्या उपकरणाशी जोडलेले दुसरे उपकरण ही उणीव भरून काढते.

## एका दुमजली घराचे उदाहरण

वरील तत्त्वे एका काल्पनिक दुमजली घराला लावून पाहता येतात. तळमजल्यावर दिवाणखाना व स्वयंपाकघर आहे, शेगडीपासून दारातून जिन्याच्या पायथ्यापर्यंतचे अंतर ५ मीटर आहे आणि वरच्या मजल्यावर दोन शयनकक्ष आहेत.

स्वयंपाकघरात उष्णताशोधक येईल. जिन्याचा पायथा शेगडीपासून ३ ते ६ मीटरच्या पट्ट्यात असल्याने तेथे प्रकाशविद्युत् उपकरण येईल. वरच्या माथ्यावर दुसरे प्रकाशविद्युत् उपकरण, दिवाणखान्यात तिसरे आणि प्रत्येक शयनकक्षात एक संयुक्त उपकरण येईल. ही सहाही उपकरणे परस्परांशी जोडलेली असतील.

शयनकक्षातील नेमकी जागा छताच्या पंख्यामुळे ठरते. उपकरण पंख्याच्या पात्याच्या टोकापासून किमान ०.९ मीटर दूर असावे, असा वरील संहितेचा नियम आहे. ब्रिटिश मानकानुसार ते भिंतीपासून किमान ०.३ मीटर दूर असावे. खोली ३.६ गुणिले ३ मीटरची आणि मध्यभागी १.२ मीटर व्यासाचा पंखा असल्यास पात्याची लांबी ०.६ मीटर धरून पंख्याच्या केंद्राभोवती १.५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ वर्ज्य ठरते. लांब भिंती केंद्रापासून नेमक्या १.५ मीटरवर असल्याने त्यांच्या मध्याजवळ जागाच उरत नाही. आखूड भिंती १.८ मीटरवर आहेत, पण त्यांच्या मध्यापाशी वर्तुळ व भिंत यांत केवळ ०.३ मीटरची चिंचोळी जागा राहते. कोपऱ्याकडे सरकून दोन्ही भिंतींपासून ०.४ मीटरवरचा बिंदू घेतल्यास तो केंद्रापासून एका दिशेने १.४ आणि दुसऱ्या दिशेने १.१ मीटरवर येतो. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार हे अंतर सुमारे १.७८ मीटर भरते आणि दोन्ही अटी पूर्ण होतात.

रात्री दिवाणखान्यातील सोफ्यात आग धुमसू लागल्यास तेथील प्रकाशविद्युत् उपकरण ज्वाला दिसण्याआधी वाजण्याची शक्यता असते आणि जोडणीमुळे बंद दारांआडची माणसे जागी होतात. तेथे केवळ आयनीभवन उपकरण असते, तर ते कदाचित सोफा पेट घेण्याच्या सुमारास वाजले असते आणि तोवर जिन्यात धूर भरू लागला असता. याउलट दिवाणखान्यातील पडदा थेट पेटल्यास आयनीभवन उपकरण काही सेकंद आधी वाजले असते. या मांडणीत ते सेकंद गमावले जातात. त्यांच्या बदल्यात रोजच्या स्वयंपाकाने न वाजणारे, आणि म्हणून चालू ठेवले जाणारे उपकरण मिळते.

## प्रकार ओळखणे व देखभाल

घरात आधीपासून असलेल्या उपकरणाचा प्रकार त्याच्या मागील बाजूवरील मजकुरावरून कळतो. अमेरिसियम-२४१ चा उल्लेख किंवा किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे चिन्ह असल्यास त्यात आयनीभवन संवेदक आहे. ते केवळ आयनीभवन प्रकारचे आहे की संयुक्त, हे लेबलवरील वर्णन वाचून ठरवावे लागते.

अमेरिसियमचे आल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातात आणि उपकरणाच्या आवरणाबाहेर पडत नाहीत. त्यामुळे नेहमीच्या वापरात त्यापासून धोका नसतो. उपकरण फोडणे, जाळणे किंवा त्यातील चकती बाहेर काढणे मात्र टाळावे लागते. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षे असल्याने उपकरण निकामी झाले तरी त्यातील किरणोत्सार संपत नाही.

दोन्ही प्रकारच्या उपकरणांचे आयुष्य साधारणतः १० वर्षे धरले जाते. साचणारी धूळ आणि विद्युत् घटकांची झीज यांमुळे संवेदनशीलता बदलत जाते. महिन्यातून एकदा चाचणीची कळ दाबून पाहण्याची शिफारस केली जाते. बहुतेक उपकरणांत ही कळ बॅटरी, विद्युत् मंडल आणि भोंगा तपासते. धूर कक्षात खरोखर शिरतो की नाही, हे तीवरून कळत नाही. रंगकाम करताना उपकरणाच्या फटी रंगाने बुजल्यास कळ दाबल्यावर ते वाजेल, पण आगीत मौन राहील.

## नियम

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ऑगस्ट २०११ मध्ये स्लॅक्स क्रीक येथील एका घराला लागलेल्या आगीत ११ जणांचा मृत्यू झाला. घरात चालू स्थितीतील धूरशोधक नव्हता. या घटनेच्या चौकशीनंतर राज्याने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने नवे नियम लागू केले. त्यांनुसार उपकरणे प्रकाशविद्युत् प्रकारची असावी लागतात, त्यांत आयनीभवन संवेदक चालत नाही आणि ती शयनकक्षांसह परस्परांशी जोडलेली असावी लागतात. १ जानेवारी २०२७ पासून हे नियम राज्यातील सर्व घरांना लागू होतात. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात, प्रत्येक मार्गिकेत व जिन्याच्या माथ्यावर धूरशोधक आणि स्वयंपाकघरात उष्णताशोधक, तेही परस्परांशी जोडलेले, आवश्यक आहेत.

भारतात इमारतींतील अग्निसुरक्षेच्या तरतुदी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आहेत. स्वयंचलित अग्निशोधन यंत्रणेची निवड, उभारणी व देखभाल यांसाठी भारतीय मानक २१८९ वापरले जाते. आयनीभवन प्रकारच्या उपकरणांत किरणोत्सारी पदार्थ असल्याने त्यांवर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक परिषदेचेही नियंत्रण आहे आणि निकामी झालेली अशी उपकरणे घरच्या कचऱ्यात किंवा भंगारात न टाकता विल्हेवाटीसाठी पुरवठादाराकडे परत करणे अपेक्षित असते. प्रकाशविद्युत् उपकरणांना हे बंधन लागू नाही.